चौऱ्याण्णव टिपा आणि त्यांची वाक्यं

हे मी पटापट लिहून टाकते आहे, कारण ज्याला सांगते तो मध्येच उठून जातो. टिपा म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी बोअर असणार. मला पण तसंच वाटायचं, गेल्या वर्षापर्यंत.

मी शहरातल्या पलासिया भागात एका डीटीपीच्या दुकानात टाइप करते. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि आमचे भिया, म्हणजे भैया. भिया मालक आहेत, आणि शिकवणारे पण तेच. माझा स्पीड बघून त्यांनी मला घेतलं. हिंदी, मराठी, दोन्ही खाडखाड. काम काय तर लग्नाच्या पत्रिका, कोचिंगवाल्यांचे पर्चे, नवीन उघडलेल्या कंपन्यांची लेटरहेडं. तेव्हा रोज एक नवीन कंपनी उघडायची आणि तिकडे परदेशीपुऱ्याकडे एकेक मिल बंद व्हायची. दोन्हीचे कागद आमच्याकडेच यायचे. सकाळी कोणाचं व्हिजिटिंग कार्ड आणि दुपारी मिलवाल्यांचा अर्ज.

तर एक दिवस एक ताई आल्या. शाळेत शिकवतात, पंचेचाळीसच्या असतील. पर्समधून त्यांनी फोटोंची दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं लग्नाचे फोटो असतील. बघते तर पुस्तकाची पानं. एका फोटोत समोरासमोरची दोन पानं, असे सत्तरेक फोटो, पोस्टकार्ड साइजचे.

पुस्तक त्यांच्या बाबांनी लिहिलं होतं. बाबा मिलच्या फोल्डिंग खात्यात क्लर्क होते. नोकरीत असतानाच एका जुन्या संपाबद्दल शंभरेक लोकांशी बोलले, घरोघरी जाऊन, आणि स्वतःच्या खर्चाने थोड्याच प्रती छापल्या. मग वाटून टाकल्या. घरची शेवटची प्रत मिलचं क्वार्टर सोडताना कुठे गेली कळलं नाही, आणि बाबा पण गेले. आता फक्त एका जुन्या वाचनालयात एक प्रत होती. ते घरी देत नव्हते, आणि झेरॉक्स करायची तर पुस्तक मशीनवर दाबावं लागतं, बांधणी तुटली असती. म्हणून ताईंनी कोणाचा तरी कॅमेरा आणून दोन रोल संपवले. डाव्या हाताने पुस्तक उघडं धरायचं आणि उजव्या हाताने फोटो काढायचा. कितीतरी फोटोंमध्ये त्यांचा अंगठा आला आहे.

मिल बंद झाली होती. जुने कामगार एका मेळाव्याला जमणार होते, तिथे ताईंना ते पुस्तक नवीन छापून द्यायचं होतं. ताई म्हणाल्या की मजकूर तुम्ही टाइप कराल ते ठीक, पण टिपा बरोबर जागी बसल्या पाहिजेत, मला बाकी काही नको.

मी विचारलं, एवढं काय टिपांचं.

मग त्यांनी शेवटची पानं दाखवली. मजकुरात वाक्यांच्या मधेमधे डोक्यावर छोटे आकडे होते, आणि पुस्तकाच्या शेवटी एक ते चौऱ्याण्णव अशी यादी. प्रत्येक आकड्यापुढे हे कोणी सांगितलं ते. पूर्ण नाव, मिलमधलं खातं, कुठे बसून सांगितलं. कुणी पोलोग्राउंडच्या चहाच्या टपरीवर, कुणी आपल्या ओट्यावर. बाबांनी प्रत्येकाला शब्द दिला होता की तुमचं बोलणं तुमच्याच नावाने जाईल, दुसऱ्याचं तुमच्या तोंडात घालणार नाही. त्या एका शब्दावर लोक बोलले होते. कारण संपाची गोष्ट म्हणजे अजून दुखरी जागा. कोण फुटलं, कोण आत गेलं, कोण फाटकावर उभं राहिलं, त्यावरून एका गल्लीतली घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणजे आकडा एक वाक्य इकडेतिकडे झाला, की बाबा खोटे ठरणार. ताईंना झोप न येण्याचं कारण एवढंच होतं.

मी म्हटलं होऊन जाईल, चार दिवसांत. मला काय माहीत.

मजकूर झाला पटकन. कडेची अक्षरं सावलीत गेलेली, पण अर्धा शब्द दिसला तरी पूर्ण शब्द कळतो. आकड्याचं तसं नसतं ना. आकडा अर्धा दिसला तर तो काहीही असू शकतो. भियांनी भिंग आणून दिलं. त्यातून बघितलं की तीन आणि सहा सारखे दिसायचे, आणि कधी तर शाईचा ठिपकाच एक वाटायचा. मग मी एक पद्धत काढली. चौऱ्याण्णव चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर टीप लिहिली, आणि मजकुरात तो आकडा सापडला की पान, ओळ आणि आधीचे दोन शब्द त्याच चिठ्ठीच्या मागे. आकडे क्रमाने येतात, हा मोठा आधार. एकोणतीस आणि एकतीसच्या मध्ये जे धूसर काहीतरी आहे ते तीसच असणार. यादीतसुद्धा फसायला होतं. एका टिपेची दुसरी ओळ '४ नंबरच्या खात्यात' अशी सुरू होत होती, तिला मी चौथी टीपच समजले आणि पुढचं सगळं एकाने सरकलं. तासभर गेला. आणि काही टिपांमध्ये नाव नाहीच, नुसतं 'वरीलप्रमाणे'. म्हणजे आधीच्या टिपेतलाच माणूस. अशी एक टीप चुकून आधीच्या जागी गेली तर ते बोलणं भलत्याच माणसाच्या नावावर.

खरं सांगते, तिसऱ्या दिवशी मला ते आवडायला लागलं. मी यादीतली टीप वाचायची, सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यातली बाई, परदेशीपुऱ्यात तिच्या घरी, आणि मग मजकुरात तो राईएवढा आकडा शोधायची, आणि सापडला की अंगावर काटा. त्या ठिपक्याच्या मागे एक अख्खी बाई बसलेली आहे. तिचं घर आहे, तिने चहा दिला असेल.

शेवटी हिशेब असा झाला. पंच्याऐंशी आकडे सापडले, वाक्य संपतं तिथे, पूर्णविरामाला चिकटून. दोन आकडे डाव्या पानांवर नवीन परिच्छेदाच्या सुरुवातीला दिसले, अगदी पहिल्या शब्दाच्या आधी. भिया म्हणाले की जुनी छपाई, खिळे जुळवणाऱ्याची नजर चुकली असेल, आकडा घसरून पुढच्या ओळीवर आला. म्हणून मी ते उचलून आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी लावले. आणि सात आकडे मिळालेच नाहीत. टिपा होत्या, मजकुरात आकडा नाही.

सात टिपा अशाच लटकत ठेवून ताईंनी कच्ची प्रिंट घेतली. म्हणाल्या, यादीतले जे आहेत त्यांना दाखवून येते. मला पण चल म्हणाल्या. मी उड्या मारत गेले. यादीतलं माणूस बघायचं होतं ना.

रीलिंगवाल्या आजी दारातच बसल्या होत्या, लसूण सोलत. ताईंना त्यांनी ओळखलं, फोल्डिंगवाल्यांची मुलगी ना, म्हणून जवळ बसवलं, मला पण बेटा म्हणून पाटावर बसवलं. वाचता येत नव्हतं त्यांना, म्हणून ताईंनी वाचून दाखवलं. त्यांच्या नावाची टीप छप्पन्नवी. ताईंनी छप्पन्नच्या आधीचं वाक्य वाचलं. संप लांबला तशा रीलिंगच्या बायका घरी बसल्या, असं होतं ते.

आजींचे हात थांबले.

"हे मी बोलले?"

ताईंनी परत वाचलं.

"मी असं बोलले, तुझ्या बापाला? घरी बसल्या?" आजींचा आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला. "मी घरी बसले असते तर हा हात असा झाला असता का? देख." मनगट दाखवलं, वाकडं जुळलेलं. फाटकावर ढकलाढकलीत मोडलेलं. "क्लर्क साहेब शरीफ आदमी होते म्हणून मी तोंड उघडलं. मेळाव्यात सगळ्या जणी असणार. त्यांच्यासमोर माझ्या नावावर हे वाचणार तू?"

आजींनी लसूण परत उचलला आणि शांतपणे सांगितलं की माझं नाव काढून टाक, मग काय पाहिजे ते छाप.

परत येताना टेम्पोत ताई एकदाच बोलल्या. बाबांनी लिहिताना गडबड केली असेल, म्हणाल्या. एवढे लोक, एवढी नावं, एकट्या माणसाचं झालं असेल मागेपुढे. छापायला नको हे. मला एकदम रडू आलं, कारण मला वाटत होतं चूक माझीच आहे. छप्पन्न मी नीट बघितला होता का? भिंगातून?

दुकानात आल्याआल्या तो फोटो काढला. आकडा छप्पन्नच होता, स्वच्छ. आधी पूर्णविराम, मग आकडा, मग पुढचं वाक्य. मी पुढचं वाक्य पण वाचलं, असंच, चाळा म्हणून. फाटकावर पहिल्या रांगेत रीलिंगच्या बायकाच उभ्या होत्या.

मी खुर्चीतून उठलेच. हे तर आजींचं. हे अगदी त्यांचंच. मग घरी बसल्या हे कोणाचं? त्या वाक्याच्या आधी पंचावन्न होता. यादीत पंचावन्न बघितलं, तर सुपरवायझर, मिलच्या ऑफिसात.

आता कळतंय का तुम्हाला? सुपरवायझर म्हणतो बायका घरी बसल्या, आणि लगेच पुढच्या वाक्यात बाई म्हणते, पहिल्या रांगेत आम्हीच. बाबांनी मध्ये स्वतःचं एक अक्षर घातलं नव्हतं. दोघांना नुसतं शेजारीशेजारी उभं केलं होतं. आणि मी सुपरवायझरचं बोलणं उचलून बाईच्या तोंडात घातलं होतं.

मी भियांना ओरडून सांगितलं की आकडा मागच्या वाक्याचा नाहीये, पुढच्याचा आहे. भिया म्हणाले, पगली, सगळ्या जगात आकडा वाक्यानंतर येतो. ते खरंच आहे. पण मी सगळी पानं परत बघितली, आणि एक गोष्ट अशी दिसली की मला हसू यायला लागलं. एकाही परिच्छेदाच्या शेवटी आकडा नव्हता. पूर्ण पुस्तकात, एकाही. ज्या दोन ठिकाणी होता, तो मीच नेऊन लावलेला.

ताई खुर्चीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर धरून. मी त्यांना दाखवत गेले, हे बघा, हे पण, आणि त्या एकदम म्हणाल्या, "थानावर."

मी विचारलं, काय थानावर? मग त्यांनी सांगितलं. लहानपणी त्या बाबांचा डबा घेऊन फोल्डिंग खात्यात जायच्या. तिथे कापडाचे थान तपासून घडी करायचे. प्रत्येक थानाच्या पहिल्या टोकाला निळ्या पेन्सिलने सांच्याचा नंबर लिहिलेला असायचा, ज्या सांच्यावर ते विणलं त्याचा. आधी नंबर, मग त्याच्यामागे उलगडत जाणारं कापड. पुढचा नंबर येईपर्यंत जेवढं कापड, ते सगळं त्या एका विणकराचं. दोष निघाला तर त्याचा, चांगलं निघालं तर त्याचं. बाबांनी तीस वर्षं हेच वाचलं होतं. नंबर नंतर कसा लिहिणार, ताई म्हणाल्या, त्यांना ते सुचलंच नसेल.

पुस्तक विणलेलं होतं. म्हणजे त्यांनी ते खरंच थानासारखं नंबर टाकून लिहिलं होतं, आणि आम्ही शिकलेले लोक ते उलट्या टोकाकडून वाचत होतो.

पण भिया पक्के. म्हणाले एका आजीवरून आणि एका थानावरून चौऱ्याण्णव टिपा हलवायच्या नाहीत. पटत असेल तर आधी ते सात शोधून दाखव. आणि मला ते सुद्धा दिसलं, कसं सांगू, जसा पत्त्यांचा डाव शेवटी आपोआप लागतो. बाबा जर आकडा वाक्याच्या आधी टाकत होते, तर काही आकडे परिच्छेदाच्या पहिल्या शब्दाच्याही आधी असणार, एकदम डाव्या कडेला. डाव्या पानाची डावी कड बाहेर असते, तिथे दोन दिसले. पण उजव्या पानाची डावी कड म्हणजे पुस्तकाची शिवण. तिथे फोटोत काळोख होता. तिथले शब्द मी अंदाजाने भरले होते, पण आकड्याचा अंदाज मला कसा येणार? म्हणजे सात आकडे तिथे असले पाहिजेत. कोणत्या पानावर, ते पण मी लिहून काढलं. एकोणीस सापडत नाही, अठरा या पानावर आहे आणि वीस त्या पानावर, तर एकोणीस या मधल्या परिच्छेदाच्या तोंडाशी. अशी सात पानांची चिठ्ठी करून ताईंच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच आम्ही दोघी पायरीवर. तिथल्या काकांना ताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक आमच्या हातात दिलं नाही. स्वतःच टेबलावर उशीसारखा कपडा घालून त्यावर ठेवलं आणि म्हणाले की पान सांगा, मी उघडतो, दाबायचं नाही. मी पान सांगितलं. काकांनी दोन बोटांनी पान हळूच उचललं, शिवणीच्या आत उजेड गेला, आणि तिथे, पहिल्या शब्दाच्या आधी, एकोणीस.

मी कोणत्याच देवळात एवढी गप्प उभी राहिलेली नाही.

दुसरं पान, तिसरं, चौथं. काका पण आता चष्मा सारखा करून वाकले होते, आणि मी आकडा सांगायच्या आधी तेच सांगायला लागले. सहा आकडे शिवणीत होते, बरोबर जिथे म्हटलं तिथे. सातवा मी म्हटलेल्या पानावर नव्हता. मग ताईंनी शेजारच्या डाव्या पानावर बोट ठेवलं. तो फोटोत त्यांच्या अंगठ्याखाली गेला होता. ताई हसायला लागल्या आणि हसताहसता रडायला. काकांनी पुस्तक त्यांच्यापासून थोडं लांब सरकवलं, पाणी पडू नये म्हणून.

माणूस मेला, मिल बंद, थान नाहीत, सांचे भंगारात चालले. आणि तरी त्या माणसाने ठेवलेला एकोणीस तिथेच बसून होता, आम्ही येऊन बघू म्हणून नाही, तर त्याची जागा तीच होती म्हणून. मला अजून त्याचं काय करायचं ते कळत नाही. मी फक्त सांगत सुटते.

मग चौऱ्याण्णव आकडे परत लावायला बसले. भियांचं म्हणणं होतं की आता माहीत झालं ना, तर आकडे प्रत्येक वाक्याच्या शेवटी नेऊन टाक, म्हणजे लोकांना सवयीचं पडेल. मला ते पटत नव्हतं, पण पुस्तक ताईंचं. ताईंनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाल्या की आधी आजींना विचारू, त्यांचं नाव राहणार की नाही तेच अजून ठरलेलं नाही.

आजी या वेळेस बस म्हणाल्या नाहीत. ताई उभ्याउभ्याच बोलल्या, चूक आमची, बाबांची नाही, आणि नंबर आधी, कापड मागून, असं सांगितलं. आजींना ते एका क्षणात कळलं. आम्हाला एवढे दिवस लागले होते. म्हणाल्या, हां, तर और कैसे लिहिणार? मग ताईंनी छप्पन्नपासून पुढे वाचलं. फाटकावर पहिल्या रांगेत रीलिंगच्या बायकाच उभ्या होत्या.

आजींनी मान हलवली. मग विचारलं, ते घरी बसल्यावालं कोणाचं निघालं?

ताईंनी सुपरवायझरचं नाव घेतलं. आजी त्यांना ओळखत होत्या. मला वाटलं आता म्हणतील की ते वाक्य काढा.

"राहू दे," म्हणाल्या. "तो बोलला ना तसं? मग त्याच्या नंबरात राहू दे. लोकांना कळू दे कोण काय बोललं." मग माझ्याकडे वळल्या. "माझा नंबर कुठे टाकणार तू, बेटा? मागे?"

मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "नाही आजी. पुढे. बाबांनी टाकला तिथेच."

संध्याकाळी दुकानात ताईंनी पहिल्या पानासाठी एक वाक्य सांगितलं आणि मी ते टाइप केलं. या पुस्तकात टिपेचा आकडा वाक्याच्या आधी आहे, आणि तो पुढचा आकडा येईपर्यंतच्या मजकुराचा आहे. भियांनी विचारलं की या वाक्यावर टीप लावायची का. ताई म्हणाल्या, नको, हे माझं आहे.